बादलीतला बाथ बॉम्ब, टपातला फेस आणि अंगावरचं शॉवर ऑइल

प्रश्न : भाचीने पुण्याहून बाथ बॉम्ब आणले. आमच्याकडे टब नाही, म्हणून गरम पाण्याच्या बादलीत एक अख्खा टाकून अंघोळ केली. अंग वाळल्यावर पांढुरकं दिसायला लागलं आणि पाठीला खाज सुटली. पाणी बोअरचं आहे. बॉम्ब खराब होता की पाणी? – एक वाचक, नांदेड

उत्तर : टबासाठी केलेला बॉम्ब बादलीत गेला, हे मूळ कारण. बाथ बॉम्बमध्ये मुख्यतः खायचा सोडा आणि लिंबूसत्त्व असतं, बहुतेक वेळा 2 भाग सोड्याला 1 भाग लिंबूसत्त्व. पाणी लागलं की दोघांची प्रक्रिया होऊन वायू सुटतो आणि बॉम्ब फसफसतो. पण सगळा सोडा त्यात संपत नाही. 50 ग्रॅम लिंबूसत्त्व साधारण 65 ग्रॅम सोडा संपवतं. 100 ग्रॅम सोडा असलेल्या बॉम्बमधला सुमारे 35 ग्रॅम सोडा पाण्यात तसाच राहतो, आणि प्रक्रियेतून तयार झालेलं सोडियम सायट्रेट हे मीठही सोबत असतं.

टबात 150 लिटर पाणी धरलं तर हा उरलेला सोडा लिटरमागे पाव ग्रॅमही भरत नाही. तुमच्या 18 लिटरच्या बादलीत तो लिटरमागे जवळजवळ 2 ग्रॅम झाला, म्हणजे आठपट दाट. इतकं पाणी अंगावर वाळलं की क्षार मागे राहतात. ती तुमची पांढरी भुकटी. त्यात बोअरचं पाणी आधीच जड. त्यातले कॅल्शियमचे क्षार सोडा आणि गरमपणा मिळाल्यावर आणखी सहज खाली बसतात. त्वचेचा स्वभाव किंचित आम्ल असतो आणि सोड्याचं पाणी अल्कलीकडे झुकलेलं असतं. धडधाकट त्वचेला त्याचं फारसं काही वाटत नाही. थंडीत उललेल्या त्वचेला मात्र लगेच खाज सुटते.

अंगावर नुसते क्षार आहेत की त्वचाच कोरडी पडली आहे, हे ओळखायला पिंढरीवर दोन तांबे साधं पाणी ओता आणि टिपून घ्या. पांढरेपणा गेला आणि तासाभराने परत आला नाही, तर ते क्षार होते. नखाने ओढल्यावर पांढरी रेघ उमटत असेल, तर त्वचा कोरडी आहे.

उरलेले बॉम्ब वाया घालवू नका. एका बादलीला 18 ते 20 ग्रॅमचा, म्हणजे साधारण अक्रोडाएवढा तुकडा पुरे. तो पूर्ण विरघळू द्या. शेवटी वेगळ्या ठेवलेल्या साध्या पाण्याचे तीन-चार तांबे अंगावर घ्या, म्हणजे क्षार निघून जातील. त्यानंतर साबण लावू नका, कारण जड पाण्यात साबण फाटतो आणि त्याचा चिकट थर अंगावर बसतो. बॉम्बमधल्या तेलावरही भिस्त ठेवू नका. ते चमचाभर असतं आणि बादलीत वर तरंगून पहिल्या दोन तांब्यांतच संपतं. तुकडे पावसाळ्यात हवाबंद डब्यात ठेवा. दमट हवेत ते फुगतात आणि फसफसणं आधीच संपून जातं.

प्रश्न : पाच वर्षांची मुलगी प्लास्टिकच्या टपात बबल बाथ टाकून अर्धा-अर्धा तास खेळते. हल्ली लघवीच्या जागी आग होते म्हणते. बाटलीवर ‘डोळ्यांना झोंबत नाही’ असं लिहिलंय. मग याने कसं होईल? – एक आई, परभणी

उत्तर : बबल बाथ आजपासून बंद करा. डोळ्यांना न झोंबणं वेगळं आणि त्या नाजूक जागी अर्धा तास फेसाचं पाणी लागून राहणं वेगळं. लहान मुलींची तिथली त्वचा पातळ असते आणि फेस करणारे घटक तिचं तैलावरण धुऊन काढतात. बाथ बॉम्ब, बबल बाथ आणि शॉवर ऑइल या तिघांमध्ये सर्वाधिक कोरडेपणा बबल बाथच आणतो, कारण त्यात फेसाचा घटक असतो, त्या पाण्यात बसणं लांबतं आणि वर साधं पाणी घेतलं जात नाही. बाटली कितीही सौम्य असली, तरी वेळ लांबला की तिचा सौम्यपणा कामाला येत नाही.

आठवडाभर ती जागा नुसत्या कोमट पाण्याने धुवा, साबण लावू नका, सुती चड्डी सैल घाला. ताप आला, लघवी वारंवार होऊ लागली, लघवीत रक्त दिसलं किंवा दोन-तीन दिवसांत आग कमी झाली नाही, तर लघवीची तपासणी करून घ्या. बरं वाटल्यावर खेळ साध्या पाण्यातच होऊ द्या.

प्रश्न : वडील बहात्तर वर्षांचे. दिवाळी झाली की पिंढऱ्या मासोळीच्या खवल्यांसारख्या होतात. शॉवर ऑइल आणलं तर त्याच्या लेबलवर ‘लॉरेथ सल्फेट’ दिसलं. मग हे तेल कसलं? – एक वाचक, लातूर

उत्तर : ते तेल आहे आणि अंग धुण्याचं साधनही आहे. पाणी लागल्यावर ते दुधासारखं पांढरं होतं, ते याच सल्फेटसारख्या घटकामुळे. तो नसता तर तेल मळासकट धुऊन निघालं नसतं. सल्फेट दिसलं म्हणून बाटली टाकू नका. यादीत पहिलं नाव कशाचं आहे ते पाहा. सोयाबीन, सूर्यफूल, एरंडेल किंवा मिनरल ऑइल वरच्या ओळीत असेल, तर ते खरं शॉवर ऑइल. पहिलं नाव पाण्याचं आणि दुसरं सल्फेटचं असेल, तर तो बहुधा तेलाच्या नावाने विकलेला साधा बॉडी वॉश आहे. सौंदर्यप्रसाधनांतलं मिनरल ऑइल अतिशुद्ध असतं, त्याची भीती नको.

वडिलांसाठी तिघांतलं हेच योग्य. पाणी कोमट असावं. अंग भिजवून एक छोटा चमचा तेल हातापायांवर हलक्या हाताने चोळावं, पांढरं झालं की लगेच धुवावं, घासणी वापरू नये. साबण फक्त काखा आणि जांघांपुरता. अंग टिपून, ते ओलसर असतानाच घट्ट मलम किंवा पेट्रोलियम जेली लावा. खरा फरक या शेवटच्या थराने पडतो. ब्रिटनमध्ये एक्झिमा असलेल्या 480 हून अधिक मुलांवरच्या अभ्यासात, अंघोळीच्या पाण्यात तेलकट औषध मिसळून काही विशेष फायदा दिसला नाही. तो 2018 साली प्रसिद्ध झाला. बादलीत तेल ओतण्यापेक्षा अंगाला लावलेलं चांगलं.

एक काळजी मात्र घ्याच. न्हाणीत शहाबादी फरशी असेल तर ती तेलाने भयंकर निसरडी होते. वडिलांना स्टुलावर बसवून अंघोळ घाला आणि ते उठण्याआधी फरशीवर साबणाचं गरम पाणी ओता.

प्रश्न : पॅराबेन, सल्फेट, फ्रॅग्रन्स... नेमकं कोणाला घाबरायचं? – एक वाचक, बीड

उत्तर : पॅराबेन या वस्तू टिकवणाऱ्या घटकाला सर्वांत कमी. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या, म्हणजे एखादी वस्तू लागून होणाऱ्या त्वचादाहाच्या, तज्ज्ञसंघटनेने 2019 साली त्याला ‘ॲलर्जी न करणारा घटक’ म्हणून मुद्दाम पुढे आणलं. जास्त जपायचं ते सुगंधाला आणि मिथाइलआयसोथायाझोलिनोन या वस्तू टिकवणाऱ्या दुसऱ्या घटकाला. दोन्ही ॲलर्जीची ओळखीची कारणं आहेत. ‘नैसर्गिक’ लिंबू-लव्हेंडरच्या तेलांनाही यातून सूट नाही. ती जुनी होऊन हवा लागली की त्यांतले लिमोनीन आणि लिनालूल हे सुगंधी घटक अधिक ॲलर्जी देऊ लागतात, म्हणून अशी बाटली उन्हाच्या खिडकीत ठेवू नये.

नवी वस्तू सात दिवस कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, पाण्यात पातळ करून दोन मिनिटं लावा आणि धुवा. तिथे लालसरपणा किंवा खाज आली, तर अंगभर वापरू नका आणि बाटली त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायला ठेवून द्या.