फ्लोअरचा रोस्टर: ९६ पाळ्या असूनही रविवारी माणूस का कमी पडतो

प्रश्न: कोथरूडला ६० सीटचं व्हेज-नॉनव्हेज फॅमिली रेस्टॉरंट आहे. फ्लोअरवर कॅप्टन धरून ८ जण. सगळेच ब्रेक शिफ्टला, ११ ते साडेतीन आणि ७ ते साडेअकरा. आठवड्याची सुट्टी ज्याला हवी त्या दिवशी. शनिवार-रविवार पळापळ, सोमवारी सगळे मोबाइल बघत बसतात. अजून दोघं घेऊ का?

उत्तर: पूर्णवेळ माणसं आत्ता घेऊ नका. आधी माणसं मोजणं सोडा आणि पाळ्या मोजा. दुपारची एक पाळी, रात्रीची एक. आठ माणसं, सहा दिवस, दोन पाळ्या म्हणजे आठवड्याला ९६ पाळ्या तुम्ही आजच भरताय.

आता लागतात किती ते बघू. बिलिंग सॉफ्टवेअरमधून शेवटच्या पाच-सहा आठवड्यांचे केओटी, म्हणजे किचनला गेलेल्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या, वेळेनुसार काढा. बिलाची वेळ धरू नका, कारण बिल गिऱ्हाईक उठताना होतं आणि धावपळ त्याच्या तासभर आधी झालेली असते. सणाचे दिवस वगळा. श्रावण वेगळा काढा, नाहीतर नॉनव्हेजचा सगळा हिशेब खोटा येतो.

तुमच्यासारख्या जागेचं चित्र साधारण असं दिसतं. आकडे तुमच्या केओटीप्रमाणे बदला.

| वार | दुपार | रात्र |
|---|---|---|
| सोम | ४ | ४ |
| मंगळ | ४ | ४ |
| बुध | ५ | ६ |
| गुरु | ४ | ४ |
| शुक्र | ४ | ७ |
| शनि | ५ | ९ |
| रवि | ९ | ९ |

बेरीज ७८. म्हणजे १८ पाळ्या जास्त आहेत आणि तरी रविवारी माणूस नाही. सोम, मंगळ, गुरु बरेच लोक नॉनव्हेज खात नाहीत, म्हणून आठही सुट्ट्या तिथेच टाका: सोमवारी ३, मंगळवारी २, गुरुवारी ३. बुधवार ते रविवार, गुरुवार सोडून, आठही जण हजर. नववा माणूस लागतो फक्त तीन पाळ्यांना, शनिवारी रात्री आणि रविवारी दोन्ही वेळा. त्यासाठी कॉलेजचा एखादा मुलगा पार्टटाइम पुरतो.

खरी अडचण तुमच्या ब्रेक शिफ्टमध्ये आहे. ११ ते रात्री साडेअकरा म्हणजे साडेबारा तासांचा पसारा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मधली सुट्टी धरून या पसाऱ्याची मर्यादा साडेदहा तासांची होती. २०२५ मध्ये ती १२ तासांवर गेली, तरी त्याच्याही पुढे तुम्ही जाताच. शिवाय दुपारी साडेतीनला सुटलेला कात्रजचा पोरगा घरी जाऊन सातला परत येऊ शकत नाही. तो मागच्या जिन्यावर पडून राहतो आणि दोन महिन्यांत दुसरीकडे लागतो. ब्रेक शिफ्ट जवळ राहणाऱ्यांना जास्त द्या, लांबच्यांना सरळ शिफ्ट.

सोमवारचं उदाहरण घ्या. पाच जण हजर, दोन्ही वेळा चार-चार हवेत. तिघं ब्रेक शिफ्टला, १२ ते साडेतीन आणि साडेसहा ते साडेदहा. एक सरळ सकाळचा, साडेनऊ ते साडेपाच. ओपनिंग, पाण्याच्या बाटल्या, माल उतरवून घेणं त्याच्याकडे. एक सरळ रात्रीचा, साडेतीन ते साडेअकरा. ग्लास-कटलरी पुसणं, पार्सल आणि क्लोजिंग त्याच्याकडे. शटर उघडणं आणि ओढणं दोन्ही सरळ शिफ्टवाल्यांकडे गेलं की ब्रेकवाल्यांचा पसारा साडेदहा तासांत बसतो. असंच सगळ्या वारांचं मांडलं तर आठवड्यात आज ४८ ब्रेक शिफ्ट आहेत, त्या २७ वर येतात.

रविवारी मात्र आठही जण ब्रेकला लागतात, म्हणून दोन गट करा. पहिले चार ११ ते साडेतीन आणि ७ ते साडेनऊ. दुसरे चार १ ते साडेतीन आणि ७ ते साडेअकरा. दोघांचाही पसारा बरोबर साडेदहा तास, आणि दुपारी १ नंतर व रात्री साडेनऊपर्यंत सगळे फ्लोअरवर. शनिवारी क्लोजिंग केलेला रविवारी दुसऱ्या गटातच टाका. तुमच्याकडे दहा वाजता गर्दी टिकत असेल तर पहिला गट अर्धा तास पुढे सरकवा. तेव्हा ओपनिंग साडेअकराला होईल, म्हणून शनिवारी रात्रीच टेबलं लावून ठेवावी लागतील.

दोन गोष्टींवर नजर ठेवा. सोमवारची सुट्टी सगळ्यांना हवी असते, ती महिन्याने फिरवा, नाहीतर कॅप्टनच्या मर्जीतल्यांनाच मिळते. आणि कुणाच्या घरचं लग्न रविवारी येणारच. पार्टटाइमचे दोन नंबर हाताशी असू द्या, अदलाबदल गुरुवार संध्याकाळपर्यंत सांगायची, त्यानंतर ज्याला सुट्टी हवी त्यानेच बदली आणायची.

पंधरा दिवसांनी फक्त रविवार रात्रीचे केओटी परत काढा. गर्दी तेवढीच असून आठ ते नऊमधले केओटी कमी आणि नऊनंतर अचानक वाढलेले दिसले, तर ऑर्डर घ्यायला माणूस पोचत नाहीये. तेव्हाच नववा की दहावा याचा विचार करा.