वर्गात वारा खेळवायचा तर आधी पॅसेजची भिंत बघा

प्रश्न : "वारज्यात शाळेचा पहिला मजला बांधतोय. वर्ग ८ × ६ मीटर, ४० मुलं. पश्चिमेला १.५ × १.२ च्या तीन सरकत्या खिडक्या, पॅसेजकडे १.२ × ०.५ चे दोन व्हेंटिलेटर. वारा खेळावा म्हणून खिडक्या मोठ्या करू का? आणि वारा पडला तर काय?"

खिडक्यांना आत्ता हात लावू नका. तुमचा वारा पॅसेजच्या भिंतीत अडणार आहे.

तीन खिडक्यांचं क्षेत्रफळ ५.४ चौ.मी. दिसतं, पण सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते, म्हणजे हातात २.७. समोर व्हेंटिलेटर १.२. दाराला हिशोबात धरू नका, गोंगाटामुळे तास सुरू झाला की ते लागतंच. हवा एका भिंतीतून आत येऊन दुसरीतून बाहेर जाते, तेव्हा दोन्ही क्षेत्रफळांची बेरीज होत नाही. लहान बाजूच वरचढ ठरते. खाली A1 आणि A2 ही दोन भिंतींतली उघडी क्षेत्रफळं, Ae दोन्ही मिळून खरोखर उपयोगी पडणारं क्षेत्रफळ, V खिडकीशी वाऱ्याचा वेग आणि Q सेकंदाला वर्गातून जाणारी हवा:

```
Ae = 1 / sqrt(1/A1^2 + 1/A2^2)
Q  = 0.6 * Ae * V * sqrt(dCp)
```

तुमच्या आकड्यांनी Ae येतं १.१ चौ.मी. खिडक्या दुप्पट केल्या तर १.१७, म्हणजे खर्च करून जवळपास काहीच पदरात नाही. तेच व्हेंटिलेटर दुप्पट केले तर १.८. नॅशनल बिल्डिंग कोडमधलं Q = KAV हे सोपं सूत्र दोन्ही बाजू सारख्या धरून चालतं, म्हणून नुसतं ते वापरणाऱ्याला ही गोष्ट दिसतच नाही.

आता वाऱ्याचं. वेधशाळेचा आकडा मोकळ्या मैदानातला, १० मीटर उंचीवरचा असतो. तिथे २ मीटर प्रति सेकंद असेल तर दाट वस्तीत पहिल्या मजल्याच्या खिडकीशी साधारण १.१ उरतो. दोन भिंतींमधल्या दाबाच्या फरकाचा गुणांक (dCp) मोकळ्या माळावर १ च्या आसपास धरतात. शेजारी इमारती असताना मी ०.३ च्या वर जात नाही. एवढं घालून Q येतो ०.४ घनमीटर प्रति सेकंद.

श्वासापुरतं हे पुरेसं आहे, माणशी सेकंदाला जवळजवळ १० लिटर. पण ४० मुलं, दिवे, पंखे आणि थोडं ऊन मिळून वर्गात ३ किलोवॅट उष्णता असते. ०.४ मध्ये वर्ग बाहेरपेक्षा जवळजवळ ७ अंशांनी तापेल. म्हणून आकार ठरवताना ताज्या हवेचा नियम पाळला एवढ्यावर थांबू नका. पुण्यात उष्णताच आकार ठरवते. सरकत्याऐवजी पल्ल्याच्या खिडक्या घेतल्या (५.४ पूर्ण उघड्या) आणि पॅसेजकडे छताखाली लांब पट्टीत ३.६ चौ.मी. दिलं, तर Q १.१ होतो आणि फरक अडीच अंशांवर येतो. डासांची जाळी लावणार असाल तर याहूनही जास्त क्षेत्रफळ लागेल, कारण जाळी प्रवाह चांगलाच खाते.

पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जा खोल द्या आणि वरचा एक पल्ला वरून बिजागरीचा, बाहेर उघडणारा ठेवा. जून ते सप्टेंबर वारा तिकडूनच येतो आणि पाऊसही. मी पाहिलेल्या एका शाळेत पावसाळ्यात पश्चिमेची एकूण एक खिडकी बंद असायची. ऐन वाऱ्याच्या मोसमात मुलं कोंदट हवेत बसायची, ते बघून फार वाईट वाटलं होतं.

वारा पडतो तो बहुतेक हिवाळ्याच्या सकाळी. तेव्हा बाहेर गारवा असतो, त्यामुळे फक्त श्वासापुरती हवा हलवायची आहे, तेच ०.४, म्हणजे ताशी सुमारे १,४५० घनमीटर. पॅसेजच्या भिंतीत वर एक्झॉस्ट पंखे बसवा. एका मोठ्यापेक्षा दोन लहान, कमी आवाजाचे बरे, नाहीतर शिक्षक ते बंदच ठेवतील. पंखा चालू असताना शेजारचे व्हेंटिलेटर बंदच हवेत. उघडे राहिले तर पंखा तिथूनच पॅसेजची हवा ओढून परत पॅसेजमध्ये टाकतो आणि मुलांपर्यंत काही पोचत नाही. व्हेंटिलेटरची झडप आणि पंख्याचं बटण दाराजवळ एकाच ठिकाणी आणा. पंख्याला आपोआप मिटणारी झडप घ्या, म्हणजे बंद असताना उलटा वारा आत शिरत नाही.

मार्च-एप्रिलच्या दुपारी उलट गणित आहे. बाहेर ३७-३८ अंश आणि वर्ग त्याहून गार असेल तर खिडक्या बऱ्याचशा मिटा, एक्झॉस्ट आणि छताचे पंखे चालवा, रात्री व्हेंटिलेटर उघडे ठेवून भिंती गार होऊ द्या. सकाळची शाळा असेल तर हे फारसं लागणार नाही. बदल कधी करायचा यासाठी दोन साधे थर्मामीटर पुरे : एक वर्गात, एक पॅसेजच्या सावलीत.

बांधून झाल्यावर वारा असताना दार लावून व्हेंटिलेटरच्या तोंडाशी अगरबत्ती धरा. धूर सरळ बाहेर ओढला गेला तर जमलं. तिथेच घुटमळला किंवा आत वळला, तर पॅसेजच्या पलीकडची बाजू किती मोकळी आहे ते बघा. तिथे बंद जिना किंवा काच असेल तर वरचं सगळं गणित त्या भोकाच्या मापाने पुन्हा करावं लागेल. तुमच्या नकाशात पॅसेज पूर्वेला उघडा आहे का, तेवढं कळवा.