स्लिम, स्किनी, लीन: बारीकपणाचे तीन अर्थ

प्रश्न: इंग्रजी-मराठी कोशात स्लिम, स्किनी आणि लीन या तिन्ही शब्दांपुढे 'बारीक, कृश, सडपातळ' असंच दिलंय. ऑफिसातल्या अमेरिकन सहकारी बाईंना कौतुकाने 'यू लुक सो स्किनी' म्हटलं तर त्यांचा चेहरा पडला. अर्थ एकच असताना एक शब्द कौतुकाचा आणि दुसरा टोचणारा का?

उत्तर:

कोशात दिसतो तो तिन्ही शब्दांचा सामाईक भाग: अंगावर मांस किंवा चरबी कमी असणं. पण बारीक माणसाकडे पाहताना प्रत्येक शब्दाची नजर वेगळ्या ठिकाणी जाते. स्लिम आकार पाहतो, स्किनी उणीव पाहतो आणि लीन शरीर कशाचं बनलंय ते पाहतो. कौतुक किंवा टोमणा त्या नजरेतून येतो.

स्किनीपासून सुरुवात करू, कारण त्याची घडणच बोलकी आहे. 'स्किन' म्हणजे कातडी, आणि त्याला जोडलेला 'ई' म्हणजे 'तीच तेवढी दिसते असा'. मांस कुठे आहे? नाही. हाडावरून 'बोनी' होतो तो याच पद्धतीने. आपला 'हडकुळा' याच कुळातला: हाड दिसतं, म्हणून हडकुळा. जे झाकलेलं असायला हवं ते उघडं पडलंय, हे अशा शब्दांत आधीच गृहीत असतं. म्हणून स्किनीला 'टू' सहज चिकटतो. 'टू स्किनी' हे रोजच्या बोलण्यातलं आहे, 'टू स्लिम' माणसाबद्दल क्वचितच ऐकू येतं. कौतुकाच्या शब्दात योग्य प्रमाण आधीच धरलेलं असतं, त्यामुळे 'जास्तच' म्हणायला तिथे जागा उरत नाही. मराठीतही कोणी 'जरा जास्तच सडपातळ आहे' म्हणत नाही, 'जरा जास्तच बारीक आहे' म्हणतो.

सोबत येणारी नामंही पाहा. स्लिम लागतो कमरेला, बांध्याला, घोट्याला. स्किनी लागतो पायांना, दंडांना, 'किड'ला. लीन लागतो स्नायूंना, धावपटूला, मांसाला. 'लीन मीट' म्हणजे चरबी काढलेलं किंवा मुळातच कमी चरबीचं मांस, आणि माणसाबद्दलच्या लीनमध्येही हाच अर्थ आहे: चरबी कमी, पण मांस भरपूर. 'स्किनी मसल' कुणी म्हणत नाही, कारण स्नायू दिसत असतील तर स्किनी म्हणण्याचं कारणच संपतं.

इथे एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा, कारण तिन्ही शब्द एकाच मोजपट्टीवर मांडले जातात आणि तिथेच गोंधळ होतो. स्लिम आणि स्किनी यांतला फरक बराचसा बोलणाऱ्याच्या मताचा आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी 1948 साली बीबीसीच्या रेडिओवर याचा प्रसिद्ध नमुना दिला होता. त्याचा आशय असा: मी ठाम, तू हट्टी, तो अडेलतट्टू मूर्ख. वागणं तेच, पण स्वतःपासून दूर जाताना शब्द कडू होत जातो. त्याच चालीवर 'मी स्लिम, तू थिन, ती स्किनी' असं म्हणता येतं आणि तिघींचं वजन एकच असू शकतं. मधला थिन उदासीन आहे, पण 'यू लुक थिन' यात 'बरी आहेस ना?' ही काळजी डोकावते.

लीन मात्र या खेळात बसत नाही, कारण तिथे मत बदलून भागत नाही, शरीरच वेगळं असावं लागतं. पाच फूट आठ इंच उंचीचे आणि साठ किलो वजनाचे दोन तरुण घ्या. एक रोज धावतो, त्याच्या पोटऱ्या घट्ट आहेत. दुसरा दिवसभर खुर्चीत बसतो, त्याचे दंड काटकीसारखे आणि पोट मऊ. काट्यावर दोघे सारखे. दोघांनाही स्लिम म्हणता येईल आणि चिडवायचं असेल तर स्किनीही. पण लीन पहिलाच. दुसऱ्याला लीन म्हणणं ही चुकीची माहिती ठरेल. अशा शरीरासाठी जिममध्ये 'स्किनी फॅट' हा शब्द आहे: वरून किडकिडीत, पण स्नायू कमी आणि चरबी जास्त. 'लीन फॅट' असा शब्द होऊच शकत नाही.

मराठीत लीनच्या सर्वांत जवळचा शब्द 'काटक', आणि कोशात नेमका तोच गाळला जातो. काटकमध्ये चिवटपणाचा अर्थ थोडा जास्त आणि चरबीचा थोडा कमी आहे, तरी 'कृश'पेक्षा तो कितीतरी बरा. स्लिमला सडपातळ, आणि बांधा डौलदार असेल तर शेलाटा. स्किनीला संदर्भ पाहून काटकुळा, किडकिडीत, लुकडा. 'कृश' मी तिन्हींपुढून काढून टाकेन, तो आजारपणाच्या किंवा उपासमारीच्या वर्णनाचा शब्द आहे.

हे सूर कायमचे दगडावर कोरलेले नसतात. स्लिम इंग्रजीत आला डचमधून, आणि तिथे त्याचा जुना अर्थ वाकडा, वाईट असा होता. जर्मन 'श्लिम' आजही वाईटच. माणसाचं शरीर सोडलं की इंग्रजीतही स्लिमचं कौतुक कधीकधी संपतं: 'स्लिम चान्स' म्हणजे जवळजवळ नसलेली शक्यता. 1980च्या दशकात युगांडात एड्सला 'स्लिम' म्हणत, कारण रोगी झपाट्याने वाळत जाई. जिथे बारीक होणं म्हणजे मरणाची चाहूल, तिथे हाच शब्द कौतुकाला कसा वापरणार? लीनचंही तसंच. 'लीन इयर्स' म्हणजे टंचाईची वर्षं, पण 1988 साली टोयोटाच्या कारखानदारीला 'लीन प्रॉडक्शन' हे नाव मिळालं आणि कमीतून जास्त काढण्याचा गुण त्याला चिकटला. स्किनीदेखील वस्तूला लावला की निरुपद्रवी होतो. 'स्किनी जीन्स' हे घट्ट मापाचं नाव आहे आणि 'स्किनी लाटे' म्हणजे साय काढलेल्या दुधाची कॉफी. आपल्याकडे हा शब्द मुख्यतः अशा लेबलांवरूनच ओळखीचा झाला, त्यामुळे तो माणसाला लावतानाही बिनधास्त वापरला जातो आणि तिथेच फसगत होते.

मराठी सवयही आड येते. 'किती खराब झालास' म्हणजे वाळलास, हे आपल्याकडे मायेने विचारलं जातं. जिव्हाळ्याच्या नात्यात ते चालतं. अमेरिकेतही तरुण मैत्रिणी एकमेकींना स्किनी म्हणून खूश करतात, पण ती मुभा नात्याची असते. सहकाऱ्याला ती नसते.

त्या बाईंनी वजन कमी केल्याचं स्वतः सांगितलं असेल तर 'यू लुक ग्रेट' पुरेसं आहे. त्या धावत किंवा व्यायाम करत असल्याचं बोलणं निघालं असेल तर 'यू लुक रिअली फिट' चालेल. स्लिमही कौतुकाचाच, पण त्यात बोलणाऱ्याने समोरच्याचा बांधा न्याहाळल्याचं कळतं, म्हणून ऑफिसात तो टाळावा. आणि वजन का उतरलं हे माहीत नसेल तर शरीराबद्दल काहीच बोलू नये, कारण आजारपणानेही माणूस बारीक होतो, आणि तेव्हा कोणताच शब्द कौतुकाचा वाटत नाही.