निवासी डॉक्टर नेमण्यापूर्वी नोंदणीची खात्री कशी करावी

प्रश्न: राजापूर तालुक्यातील आमच्या गावच्या ट्रस्टच्या दवाखान्यासाठी निवासी डॉक्टर नेमायचे आहेत. एका उमेदवारांनी एमबीबीएस, एमडी असे सांगून महाराष्ट्राच्या नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स दिली आहे. राष्ट्रीय यादीत त्यांच्या नावाच्या दोन नोंदी दिसतात, त्यांतील एक कर्नाटकातील आहे, आणि एमडीचा उल्लेख कुठेच नाही. नेमणुकीचे पत्र देण्यापूर्वी काय तपासावे?

उत्तर:

सिंधुदुर्गातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या समितीवर मी बरीच वर्षे आहे आणि अर्जांच्या छाननीचे काम माझ्याकडेच असते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. दोन नोंदी दिसणे आणि एमडीचा उल्लेख नसणे, या दोन्ही गोष्टी संपूर्णपणे निर्दोष असू शकतात. त्या तशा आहेत की नाहीत, हे कागदांवरूनच ठरवता येते.

आपण सुरुवात राष्ट्रीय यादीपासून केली, ती उलट दिशेने करावी. एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांची मूळ नोंद राज्याच्या परिषदेकडे होते. आपल्याकडे ती महाराष्ट्र वैद्यक परिषद, म्हणजे १९६५ च्या कायद्याखालील मुंबईस्थित वैधानिक संस्था. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या `nmc.org.in` या संकेतस्थळावरील `Indian Medical Register` ही यादी राज्यांकडून आलेल्या माहितीवर उभी आहे. त्यामुळे ती मागे राहते आणि मुख्य म्हणजे तिच्यावरून नोंदणी आज चालू आहे किंवा नाही, हे समजत नाही. महाराष्ट्रात नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते आणि त्यासाठी त्या काळात सतत वैद्यकीय शिक्षणाचे ठरावीक गुण मिळवावे लागतात. एखाद्याने नूतनीकरण केले नसेल किंवा चौकशीअंती त्याचे नाव काही काळासाठी काढले गेले असेल, तरी राष्ट्रीय यादीत ते नाव निर्धास्तपणे दिसत राहू शकते. म्हणून `maharashtramedicalcouncil.in` येथील नोंदणीकृत डॉक्टरांची यादी आधी उघडावी. हा पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टंकित करावा. उमेदवाराने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या दुव्यावरून किंवा प्रमाणपत्रावरील क्यूआर कोडवरून गेल्यास, उघडलेले पान खरोखर परिषदेच्याच पत्त्यावर आहे ना, हे वरच्या पट्टीत वाचून घ्यावे.

शोध नावाने न घेता क्रमांकाने घ्यावा. कोकणातील आडनावे रोमन लिपीत किती प्रकारे लिहिली जातात, हे आपणांस सांगायला नकोच: सावंत हे `Sawant` असेल किंवा `Savant`, काझी हे `Kazi` असेल किंवा `Qazi`. त्यात लग्नानंतर नाव बदललेल्या डॉक्टर बाईंची नोंद बहुधा माहेरच्या नावाने असते. महाराष्ट्राचा अलीकडचा नोंदणी क्रमांक वर्ष, महिना आणि अनुक्रम अशा तीन भागांत असतो, उदाहरणार्थ `2011/04/0000` अशा धर्तीचा. जुन्या डॉक्टरांचे क्रमांक मात्र नुसते सलग आकडे आहेत. असे सलग आकडे निरनिराळ्या राज्यांत निरनिराळ्या व्यक्तींना मिळालेले असतात, त्यामुळे क्रमांक, परिषदेचे नाव आणि नोंदणीचे वर्ष ही तिन्ही एकत्र जुळली तरच ती नोंद त्या व्यक्तीची म्हणावी.

आता आपल्याला दिसलेल्या दोन नोंदींकडे येऊ. राष्ट्रीय यादीतील प्रत्येक नोंद उघडली की वडिलांचे किंवा पतीचे नाव, नोंदणीची तारीख, पदवी, पदवीचे वर्ष आणि विद्यापीठ दिसते. या रकान्यांत काही जागा कोऱ्या असतात, विशेषतः जुन्या नोंदींत, तरी पदवीचे वर्ष आणि विद्यापीठ सहसा असते. समजा, दोन्ही नोंदींत वडिलांचे नाव, पदवीचे वर्ष आणि विद्यापीठ एकच आहे आणि कर्नाटकातील नोंदणी आधीची, तर महाराष्ट्राची नंतरची आहे. याचा सरळ अर्थ असा की, बेळगाव किंवा हुबळीकडे शिकून त्यांनी तेथे पहिली नोंदणी केली आणि इकडे येताना ती महाराष्ट्रात आणली. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत असे डॉक्टर कमी नाहीत. अशा वेळी त्यांच्याकडून कर्नाटकाच्या परिषदेने दिलेल्या ना-हरकत पत्राची प्रत मागावी. हे पत्र घेतल्यावाचून नोंदणी स्थलांतरित होत नाही, म्हणून त्याची प्रत त्यांच्याकडे असायला हवी.

परंतु वडिलांचे नाव एकच नसेल, किंवा पदवीच्या वर्षांत अंतर असेल, तर त्या दोन स्वतंत्र व्यक्ती आहेत आणि आपले उमेदवार त्यांपैकी कोण, हा खरा प्रश्न उरतो. येथे तारखांचा मेळ फार उपयोगी पडतो. अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण करावी लागते आणि त्या काळात केवळ तात्पुरती नोंदणी असते. कायम नोंदणी त्यानंतरच मिळते. त्यामुळे कायम नोंदणीची तारीख परीक्षेच्या निकालाच्या आधीची असणे शक्यच नाही, आणि निकालानंतर दोन-तीन महिन्यांची असेल तरी तिचा खुलासा मागावा. विद्यापीठाचीही अशीच परीक्षा होते. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले, तर कर्नाटकातील राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९६ मध्ये. नाशिकच्या विद्यापीठाची १९९५ ची एमबीबीएस पदवी कोणी दाखवली, तर पुढे काही तपासण्याचे कारण राहत नाही.

एमडीच्या बाबतीत दोन शक्यता वेगळ्या कराव्या लागतात. पहिली साधी आहे: पदव्युत्तर पदवी नोंदवहीत आपोआप चढत नाही. एमबीबीएसवर नोंदणी झाल्यावर अतिरिक्त अर्हता म्हणून तिची स्वतंत्र नोंद करून घ्यावी लागते, तिचे शुल्क भरावे लागते आणि तिचे प्रमाणपत्र वेगळे मिळते. कित्येक डॉक्टर हे काम वर्षानुवर्षे लांबणीवर टाकतात. उमेदवार खरोखर एमडी असतील, तर विद्यापीठाचे मूळ पदवी प्रमाणपत्र दाखवून परिषदेकडे अर्ज करण्यास त्यांना अडचण नाही. त्या अर्जाची पोच आपण मागावी. नोंद होईपर्यंत आपल्या दवाखान्याच्या फलकावर आणि केसपेपरवर त्यांच्या नावापुढे फक्त एमबीबीएस लिहावे. फलक ट्रस्टचा असतो, तेव्हा त्यावरील मजकुराचा जाब ट्रस्टलाही द्यावा लागतो.

दुसरी शक्यता अशी की ते एमडी आहे, पण वेगळ्या शाखेचे. बीएएमएस झालेल्यांना आयुर्वेदात आणि बीएचएमएस झालेल्यांना होमिओपॅथीत एमडी करता येते. त्या कायदेशीर पदव्या आहेत, मात्र त्यांची नोंद अनुक्रमे महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेकडे आणि महाराष्ट्र होमिओपॅथी परिषदेकडे असते. आपल्या उमेदवाराचे नाव जर वैद्यक परिषदेच्या यादीत एमबीबीएस म्हणून सापडले, तर ही शंका मिटते. सापडले नाही, तर लगेच बोगस हा शिक्का मारू नये; या दोन परिषदांकडे पाहावे आणि मग जाहिरातीत आपण कोणती पदवी मागितली होती, याचा विचार करावा. तिसरा एक प्रकार मात्र स्पष्टपणे नाकारावा. आमच्याकडे एकदा आलेल्या अर्जासोबत पर्यायी वैद्यकातील एमडी, त्यावर एका परिषदेचा गोल शिक्का आणि चांगला लांबलचक नोंदणी क्रमांक होता. परिषद म्हणवणारी ती संस्था प्रत्यक्षात सोसायटी म्हणून नोंदलेली होती. सोसायटीची नोंदणी म्हणजे संस्थेची नोंदणी. तिने आपल्या सभासदांना दिलेल्या क्रमांकाला वैद्यकीय व्यवसायाचा परवाना म्हणता येत नाही. अशा कागदावर, ती परिषद कोणत्या वैद्यकीय कायद्याने स्थापन झाली, हे कुठेही लिहिलेले नसते. त्यावरूनच ते ओळखावे. गावोगावच्या पाट्यांवरील `RMP` या अक्षरांवरही विसंबू नये, कारण त्यांचा अर्थ नोंदणीकृत व्यावसायिक एवढाच आहे आणि ती पाटी रंगवून घेण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

इतके सगळे जुळल्यावरही एक गोष्ट शिल्लक राहते आणि समित्या नेमक्या तेथेच थांबतात. यादीवरून एवढेच सिद्ध होते की त्या क्रमांकाचे, त्या नावाचे डॉक्टर अस्तित्वात आहेत. आपल्यासमोर बसलेली व्यक्ती तीच आहे, हे यादी सांगू शकत नाही, आणि दुसऱ्या खऱ्या डॉक्टरचा क्रमांक स्वतःचा म्हणून वापरणारा मनुष्य झेरॉक्सवर हुबेहूब खरा दिसतो. म्हणून मुलाखतीला मूळ प्रमाणपत्रेच आणायला सांगावीत, छायाचित्र असलेल्या सरकारी ओळखपत्राशी नाव आणि जन्मतारीख ताडावी आणि परिषदेच्या संकेतस्थळावरील स्वतःचे खाते समितीसमोर उघडून दाखवण्याची विनंती करावी. खऱ्या डॉक्टरला हे पाच मिनिटांचे काम आहे. पूर्वीच्या रुग्णालयाकडे चौकशी करताना तेथील दूरध्वनी क्रमांक आपण स्वतः शोधावा, अर्जात दिलेला वापरू नये.

शेवटी परिषदेच्या निबंधकांना ट्रस्टच्या लेटरहेडवर पत्र द्यावे. सोबत प्रमाणपत्राची प्रत जोडून चार गोष्टी विचाराव्यात: ही नोंद परिषदेचीच आहे काय, ती कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे, कोणती अतिरिक्त अर्हता नोंदली आहे आणि सध्या नाव निलंबित किंवा कमी केलेले आहे काय. ई-मेलने पाठवावेच, पण गावचा कोणी चाकरमानी मुंबईत असेल तर त्याच्या हाती एक प्रत देऊन आवक शिक्का आणवावा, त्याने उत्तर लवकर येते असा माझा अनुभव आहे. उत्तर न आल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. त्यास १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. डॉक्टरांची गरज तातडीची असली तरी तोपर्यंत रुग्ण तपासणीचे काम त्यांच्याकडे देऊ नये.

पत्राचे उत्तर अनुकूल आले की नेमणूकपत्रात नोंदणी क्रमांक, परिषदेचे नाव आणि वैधतेची अखेरची तारीख लिहावी आणि नोंदणी चालू ठेवणे ही सेवेची अट घालावी. औषधाच्या चिठ्ठीवर, प्रमाणपत्रावर आणि पावतीवर नोंदणी क्रमांक छापणे हे २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरांचे कर्तव्य आहे, म्हणून दवाखान्याची छापील पॅड त्याच क्रमांकासह करून घ्यावीत. वैधतेच्या अखेरच्या तारखेआधी तीन महिने नूतनीकरणाची पावती मागण्याची नोंद ट्रस्टच्या इतिवृत्तात घालून ठेवावी, म्हणजे विश्वस्त बदलले तरी ते काम राहून जाणार नाही.