तेच दार दुसऱ्यांदा का ठोठवायचं?

"मुलगी बीएस्सी स्टॅटिस्टिक्स झाली. आता एका सर्वेक्षण संस्थेत बॅक-चेक करते, म्हणजे दुसऱ्याने भरलेल्या फॉर्मवर टिक मारायला मानखुर्दच्या वस्त्यांत फिरते. महिनाअखेर राजीनामा देऊन बँकेच्या परीक्षेला बस, असं मी तिला सांगितलंय. फार तर ऑफिसात बसून डेटा एंट्री करावी. तुम्हीही समजवा." – एक वडील, भांडुप

समजवायचं आहे ते तुम्हाला. राजीनामा कधी द्यायचा ते तुम्ही लिहिलंत, पण तिला हे काम आवडतं का, याबद्दल एक शब्द नाही. कमावत्या मुलीची नोकरी परस्पर सोडवणं मला अजिबात पटलेलं नाही.

शिवाय तिचं काम टिक मारण्याचं नाही. बॅक-चेक नीट होत असेल, तर आधीची उत्तरं तिला दाखवलीच जात नाहीत. साधारण दहा टक्के घरं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडतात. त्या घरी ती थोड्या दिवसांत जाते, शक्यतो त्याच व्यक्तीला मोजकेच प्रश्न विचारते आणि मग दोन्ही उत्तरं ताडून पाहिली जातात.

समजा, घरातल्या प्रत्येक माणसामागे वीस प्रश्न आहेत. घरोघरी फॉर्म भरून दमलेल्या प्रगणकाला लवकरच कळतं की पाचाऐवजी तीन माणसं लिहिली की चाळीस प्रश्न वाचतात. मग आजी आणि तान्हं बाळ यादीतून गळतात. पहिल्या आठवड्यात त्याची सरासरी घरामागे 4.8 माणसं होती, तिसऱ्यात ती 3.1 झाली, आणि त्याच वस्तीत बाकीच्यांची मात्र 4.7 वरच आहे. इथे संशय येतो, पण तो पुरावा नव्हे. सून माहेरी गेली असेल, किंवा घरातली माणसं म्हणजे 'एका चुलीवर जेवणारे', याचा अर्थ दोघांनी वेगळा घेतला असेल. त्याच्या दहा घरांपैकी चारांत तुमच्या मुलीला जास्त माणसं सापडली आणि ती माणसं पहिल्या भेटीच्या दिवशीही तिथेच राहत होती, तर त्याची उरलेली घरंही पुन्हा करावी लागतात. सगळ्याच प्रगणकांची उत्तरं एकाच प्रश्नावर जुळेनात, तर दोष प्रश्नाचा किंवा प्रशिक्षणाचा. हा फरक ओळखणं हेच स्टॅटिस्टिक्स आहे.

तुम्ही म्हणता ती डेटा एंट्री तरी काय करते? कागदी फॉर्म दोघं वेगवेगळे टाइप करतात, जिथे जुळत नाही तिथे कागद बघतात. त्यात टायपिंगची चूक सापडते. पण कागदावरच पाचाचे तीन झाले असतील, तर दोघंही तीनच टाइप करतील आणि ते अगदी बरोबर जुळेल.

स्पर्धा परीक्षाच हवी असेल, तर तिची पदवी यूपीएससीच्या इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसला चालते. पण आधी तिला म्हणावं, बॅक-चेकच्या उत्तरांची ताडणी ऑफिसात दुसरं कोणी करत असेल तर ती मागून घे आणि R किंवा Stata या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः कर. आणि आज ती घरी आली की विचारा, या आठवड्यात कुठलं उत्तर जुळलं नाही.