रात्री फ्रिजचा आवाज: मोटर की बर्फ?

रात्री फ्रिज फार घुमतो, मधूनच खडखडतो. पंख्याची मोटर गेली का?

घुमणं कॉम्प्रेसरचं. दिवसाही असतंच, रात्री घर शांत झालं की कानावर येतं. बंद होताना एकदाच खडखडून गप्प झाला, तर खुशाल झोपा. रबरी पायांवरचा कॉम्प्रेसर थांबताना हिसका देतो, इतकंच.

फ्रॉस्ट-फ्री असेल तर आवाज चालू असताना फ्रीझरचं दार उघडा. बहुतेक मॉडेलांत आतला पंखा लगेच थांबतो. आवाजही थांबला, तर तो पंख्याचाच. पण मोटर बदलायची घाई नको! बऱ्याचदा पातं साचलेल्या बर्फाला घासत असतं. फ्रिज रिकामा करा, प्लग काढा, दारं उघडी ठेवून रात्रभर बर्फ वितळू द्या. आवाज गेला आणि काही आठवड्यांनी परत आला, तर दोष बर्फ आपोआप वितळवणाऱ्या डीफ्रॉस्ट यंत्रणेत. बर्फ नसतानाही चिरकत राहिला, तर मोटरचं बेअरिंग झिजलंय.