गळक्या छताबद्दल घरमालकांना मेसेज लिहिताना

"पावसाच्या आधी जरा बघा ना" एवढंच लिहिलंस तर मालक "हो, बघतो" म्हणतील आणि जून उजाडेल. मुंबईत पाऊस साधारण 11 जूनच्या सुमारास येतो आणि वॉटरप्रूफिंगला स्लॅब कोरडा लागतो, म्हणून तारीख मे महिन्यातलीच माग.

तू सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतोस. गच्ची सोसायटीची, तिची दुरुस्तीही सहसा सोसायटीच करते. पण तू सभासद नाहीस, अर्ज मालकांच्याच सहीने जायला हवा. नेमकं तेच माग. मी असं लिहिलं होतं:

"काका, नमस्कार. बेडरूमच्या छताला खिडकीकडच्या कोपऱ्यात ओल आहे, पोपडे सुटलेत. पंख्याच्या हुकाजवळही डाग आलाय, तिथे वायर असल्याने भीती वाटते. फोटो पाठवतोय. या रविवारपर्यंत सोसायटीला अर्ज द्याल का? काम 25 मेच्या आत व्हायलाच हवं. कारागीर येतील तेव्हा मी घरी थांबेन."

भाडं अडवण्याची भाषा मात्र अजिबात नको, त्याने मूळ विषय बाजूला पडतो. रविवार उलटला तर त्याच मेसेजखाली अर्जाची पोच माग. आतून नुसता रंग मारून देतो म्हणाले तर नम्रपणे नकार दे. पाणी वरून येतंय, पहिल्या सरीतच पोपडे परत सुटतील.